सिगारेट सोडली की सिगारेटसाठी थांबला?

'ही स्टॉप्ड स्मोकिंग' आणि 'ही स्टॉप्ड टू स्मोक' ही दोन्ही इंग्रजी वाक्ये व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध आहेत, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. पहिल्या वाक्यातल्या माणसाने सिगारेट ओढणे बंद केले. दुसऱ्या वाक्यातला माणूस जे काही करत होता ते बाजूला ठेवून सिगारेट ओढण्यासाठी थांबला. म्हणजे एकाच्या आयुष्यातून सिगारेट गेली आणि दुसऱ्याच्या हातात ती नुकतीच आली. सवय सुटल्याचे सांगताना कोणी दुसरे वाक्य लिहिले, तर त्यात काना-मात्रेची चूक सापडत नाही, क्रियापदाचा काळही बिघडलेला नसतो. स्पेलिंग तपासणारी सोय त्याखाली लाल रेघ ओढत नाही. फक्त वाक्याचा अर्थ उलटा होऊन बसलेला असतो. अशी चूक नियम पाठ करून पकडता येत नाही. लिहिलेले वाक्य काय सांगते आणि लिहिणाऱ्याला काय सांगायचे होते, हे शेजारी शेजारी ठेवूनच ती दिसते.

अनेक मार्गदर्शिकांत हा विषय 'आयएनजी की टू' अशा पर्यायी प्रश्नासारखा मांडलेला असतो. जणू एकाच रिकाम्या जागेत दोन शब्दांपैकी एक बसवायचा आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. 'स्टॉप' या क्रियापदापुढे दोन वेगवेगळ्या जागा असतात. पहिली जागा 'काय बंद झाले' हे सांगणाऱ्या शब्दाची, म्हणजे कर्माची. दुसरी जागा 'कशासाठी' हे सांगणाऱ्या शब्दांची, म्हणजे हेतूची. 'स्मोकिंग' पहिल्या जागेत बसते, 'टू स्मोक' दुसऱ्या. 'टू स्मोक' हे 'स्टॉप'चे कर्म कधीच होत नाही. त्यामुळे 'ही स्टॉप्ड टू स्मोक' या वाक्यात पहिली जागा मोकळीच राहते. तो काय करायचा थांबला, हे वाक्य सांगत नाही. चालायचा थांबला असेल, गाडी चालवायचा थांबला असेल, बोलायचा थांबला असेल. ते संदर्भावरून ओळखायचे असते. वाक्य फक्त थांबण्यामागचा हेतू सांगते.

या दोन जागा खरोखर वेगळ्या आहेत याचा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे त्या एकाच वाक्यात एकत्र भरता येतात. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग टू सेव्ह मनी' या वाक्यात दोन्ही जागा भरलेल्या आहेत: काय बंद केले, तर ओढणे, कशासाठी, तर पैसे वाचवण्यासाठी. आता शब्दांची अदलाबदल करून 'ही स्टॉप्ड वर्किंग टू स्मोक' असे वाक्य केले, तर काम बंद झाले आणि ओढणे हा हेतू ठरला. 'स्मोक' हा धातू दोन्ही वाक्यांत आहे, पण पहिल्यात तो बळी आहे आणि दुसऱ्यात कारण. 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे याच दुसऱ्या वाक्यातला 'वर्किंग' गाळलेला अवतार. हे एकदा लक्षात आले की पुढचा बराचसा विषय आपोआप उलगडतो.

मराठी वाचकाला हा फरक नवा नाही, कारण मराठी तो रोज करते. फरक करण्याची जागा मात्र दोन्ही भाषांत वेगळी आहे. मराठीत मुख्य क्रियापदच बदलते. माणूस स्वतः 'थांबतो', पण सवय 'थांबवतो', 'बंद करतो' किंवा 'सोडतो'. 'तो थांबला' आणि 'त्याने थांबवले' यांत कोणी गल्लत करत नाही. इंग्रजीत मात्र थांबणे आणि थांबवणे या दोन्हींसाठी एकच 'स्टॉप' आहे. 'द बस स्टॉप्ड' म्हणजे बस थांबली आणि 'द ड्रायव्हर स्टॉप्ड द बस' म्हणजे चालकाने बस थांबवली. क्रियापद स्वतः काही सांगत नसल्याने फरक दाखवण्याचे सगळे ओझे पुढच्या शब्दावर येते. पुढे 'स्मोकिंग' आले की 'स्टॉप' म्हणजे थांबवणे, 'टू स्मोक' आले की 'स्टॉप' म्हणजे थांबणे. मराठीत लिहिणारा क्रियापद निवडताना सावध असतो आणि पुढच्या रूपाकडे त्याचे फारसे लक्ष नसते. इंग्रजीत नेमके उलटे लक्ष द्यावे लागते.

बोलीत मराठीही एक बारीक चूण ठेवते. 'पाऊस पडायचा थांबला', 'बाळ रडायचे थांबले' असे सर्रास बोलले जाते. इथे 'थांबणे' हेच क्रियापद आहे, पण आधीच्या रूपाला 'चा', 'चे' लागले आहे. म्हणजे चालू असलेली क्रिया बंद झाली. त्याच जागी 'ला' घातला की चित्र पालटते. 'तो सिगारेट ओढायचा थांबला' आणि 'तो सिगारेट ओढायला थांबला' यांत एका अक्षराचा फरक आहे, पण पहिल्यात सिगारेट विझली आणि दुसऱ्यात पेटली. 'बाळ रडायला थांबले' असे कोणी म्हटले तर घरातले हसतील, कारण त्याचा अर्थ बाळ खेळ बाजूला ठेवून रडण्यासाठी मुद्दाम थांबले असा होतो. 'स्टॉप्ड टू क्राय' ऐकताना इंग्रजी भाषकाच्या डोळ्यांपुढे साधारण तसेच चित्र उभे राहते.

'स्मोकिंग' हे रूप पहिल्या जागेत का बसते, याचे उत्तर भिंतीवरच्या पाट्यांवर आहे. 'नो स्मोकिंग' या पाटीत 'स्मोकिंग' हे नाम आहे. 'स्मोकिंग इज इंज्युरियस टू हेल्थ' या वाक्यात ते कर्ता आहे, आणि कर्त्याच्या जागी नाम किंवा नामासारखे काहीतरी लागते. शाळेत ज्याला जेरंड म्हणतात ते हेच: धातूला 'आयएनजी' लावून केलेले नाम. मराठीतले 'ओढणे' हे धातुसाधित नाम त्याला जवळचे. 'स्टॉप'ला कर्म हवे असते, कर्म हे नाम असते, म्हणून तिथे 'स्मोकिंग' येते. हे नाम असले तरी त्याच्यातले क्रियापद मेलेले नसते. 'स्टॉप स्मोकिंग बिडीज' असे म्हणताना ते स्वतःचे कर्म, म्हणजे विड्या, सोबत घेऊन येते.

'टू' दुसऱ्या जागेत का, याचे उत्तर इतिहासात आहे. इंग्रजीतला हा 'टू' मुळात दिशा दाखवणारे शब्दयोगी अव्यय होता, 'शाळेकडे', 'गावाकडे' यातल्या 'कडे'सारखा. जुन्या इंग्रजीत या 'टू'नंतर येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला चतुर्थीसारखा विभक्तिप्रत्यय लागत असे, आणि त्या जोडीचा एक ठळक उपयोग हेतू सांगण्याचा होता. मराठीतल्या 'ओढायला' या रूपातला 'ला' हाही चतुर्थीचाच प्रत्यय आहे आणि 'भेटायला आला', 'जेवायला बसला' यांत तोही हेतूच सांगतो. पुढे इंग्रजीत 'टू' इतक्या ठिकाणी पसरला की 'वॉन्ट टू', 'डिसाइड टू' अशा प्रयोगांत त्याचा दिशेचा अर्थ जवळजवळ पुसला गेला. 'स्टॉप'नंतर मात्र तो शिल्लक राहिला. इथे 'टू' म्हणजे आजही 'च्यासाठी'.

मग चूक होते कशी? पहिला दोष 'स्टार्ट'चा आहे. 'ही स्टार्टेड स्मोकिंग' आणि 'ही स्टार्टेड टू स्मोक' या दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच होतो, आणि 'बिगिन', 'कंटिन्यू' यांचेही तसेच आहे. सुरुवातीच्या क्रियापदाला जे चालते ते शेवटच्याला चालेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात मराठीत 'तो सिगारेट ओढायला लागला' असे म्हणतात, म्हणजे सुरुवात सांगताना 'ओढायला' येतेच. ते 'टू स्मोक'शी जुळले की शिकणाऱ्याच्या मनात 'टू'बद्दल विश्वास बसतो. दुसरा दोष सवय सोडण्याच्या गोष्टीतच वारंवार येणाऱ्या शब्दांचा. माणूस सिगारेट सोडायचे ठरवतो, सोडायचा प्रयत्न करतो, सोडण्याची आशा बाळगतो. इंग्रजीत 'डिसाइडेड टू स्टॉप', 'ट्राइड टू स्टॉप', 'होप्स टू स्टॉप'. यातला 'टू' हा आधीच्या क्रियापदाचा आहे आणि तो 'स्टॉप'च्या अगोदर येतो. लिहिताना हात त्याच लयीत पुढे जातो आणि 'डिसाइडेड टू स्टॉप टू स्मोक' असे कागदावर उतरते. पहिला 'टू' बरोबर, दुसरा चुकीचा. हवे आहे ते 'डिसाइडेड टू स्टॉप स्मोकिंग'.

एक वाक्य घेऊन तपासणी करून पाहता येईल. 'माय अंकल हॅज स्टॉप्ड टू स्मोक सिन्स टू इयर्स आफ्टर हिज हार्ट अटॅक.' मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या निबंधात सहज सापडेल असे हे वाक्य आहे. सांगायचे आहे ते असे: हृदयविकाराचा झटका आल्यावर, दोन वर्षांपूर्वी, काकांनी सिगारेट सोडली.

पहिला प्रश्न काळाच्या क्रमाचा. थांबण्याच्या क्षणाआधी सिगारेट होती की क्षणानंतर? काकांच्या बाबतीत सिगारेट आधी होती आणि नंतर गेली. 'स्टॉप्ड स्मोकिंग'मध्ये ओढणे नेहमी थांबण्याच्या आधी येते, 'स्टॉप्ड टू स्मोक'मध्ये थांबण्याच्या नंतर. म्हणजे निबंधातले वाक्य काका झटक्यानंतर सिगारेट ओढायला थांबले असे सांगते. सगळ्या कसोट्यांत ही कसोटी सर्वांत भरवशाची आहे, कारण तिला व्याकरणाची कुठलीच संज्ञा लागत नाही.

दुसरी कसोटी 'इन ऑर्डर टू'ची. 'टू'च्या जागी हे तीन शब्द घालून वाक्य वाचायचे: 'माय अंकल स्टॉप्ड इन ऑर्डर टू स्मोक.' काका सिगारेट ओढता यावी या हेतूने थांबले. वाक्य मोडले नाही, पण लिहिणाऱ्याला असे म्हणायचे नव्हते हे आता डोळ्यांवर येते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: ही कसोटी वाक्य चूक की बरोबर हे सांगत नाही. ती फक्त वाक्याचा लपलेला अर्थ उघडा करते. तो अर्थ मनातल्या अर्थाशी ताडून पाहण्याचे काम लिहिणाऱ्याचेच. काका खरोखरच घाटात गाडी उभी करून सिगारेट ओढायला उतरले असते, तर हेच वाक्य याच कसोटीवर बरोबर ठरले असते.

तिसरी कसोटी बदली शब्दाची. 'टू स्मोक'च्या जागी 'फॉर अ सिगारेट' घालून पाहायचे. 'ही स्टॉप्ड फॉर अ सिगारेट' म्हणजे सिगारेटसाठी थांबला. हेच म्हणायचे असेल तर 'टू' राहू द्यावा. त्याऐवजी 'ही गेव्ह अप सिगारेट्स' असे म्हणायचे असेल तर 'स्मोकिंग' हवे. काकांच्या वाक्यात दुसरीच गोष्ट सांगायची आहे, तेव्हा 'टू स्मोक' जाते आणि 'स्मोकिंग' येते.

एवढ्याने वाक्य पूर्ण दुरुस्त होत नाही. 'हॅज स्टॉप्ड स्मोकिंग सिन्स टू इयर्स' यात अजून एक मराठी वळण उरले आहे. 'दोन वर्षांपासून' याचे शब्दशः 'सिन्स टू इयर्स' होते, पण 'सिन्स'नंतर इंग्रजीला सुरुवातीचा बिंदू लागतो, कालावधी चालत नाही. शिवाय सोडणे ही एका क्षणी घडणारी गोष्ट आहे. ती दोन वर्षे चालू राहत नाही, चालू राहते ते न ओढणे. म्हणून सोडण्याचा क्षण सांगायचा असेल तर 'माय अंकल स्टॉप्ड स्मोकिंग टू इयर्स अगो, आफ्टर हिज हार्ट अटॅक' असे लिहावे. न ओढण्याचा काळ सांगायचा असेल तर 'स्टॉप' बाजूला ठेवून 'माय अंकल हॅज नॉट स्मोक्ड फॉर टू इयर्स' असे लिहावे. दुसरे वाक्य जास्त नेमके आहे, कारण ते दोन वर्षांत एकदाही न ओढल्याचे सांगते. केवळ सोडल्याचे सांगणाऱ्या वाक्यात ही हमी नसते. सिगारेट सोडून पुन्हा धरणारे काही कमी नाहीत.

नकारार्थी वाक्यांत दोन्ही रूपांतला फरक आणखी ठळक होतो. 'ही डिडन्ट स्टॉप स्मोकिंग' म्हणजे त्याने सिगारेट सोडली नाही, अर्थात तो ओढतच राहिला. 'ही डिडन्ट स्टॉप टू स्मोक' म्हणजे तो सिगारेटसाठी थांबला नाही, सरळ पुढे गेला. तो एरवी सिगारेट ओढतो की नाही, हे या वाक्यावरून कळत नाही. असे होते कारण 'स्टॉप स्मोकिंग' हा प्रयोग एक गोष्ट गृहीत धरून चालतो: ओढणे चालू होते. वाक्य होकारार्थी करा, नकारार्थी करा, प्रश्नार्थक करा, ते गृहीतक हलत नाही. 'हॅव यू स्टॉप्ड स्मोकिंग?' या प्रश्नाला 'हो' म्हटले तरी पूर्वी ओढत होतो अशी कबुली मिळते आणि 'नाही' म्हटले तरी अजून ओढतो अशी. ज्याने कधी सिगारेटला हात लावला नाही त्याला या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. उलटतपासणीत साक्षीदाराला अशा प्रश्नाने अडकवण्याची युक्ती जुनी आहे. 'टू स्मोक'मध्ये असले कोणतेही गृहीतक नाही. 'ही स्टॉप्ड टू स्मोक, बट ही हॅड नो मॅचेस' हे वाक्य बिनतक्रार चालते. काडेपेटी नसल्याने सिगारेट पेटलीच नाही, हेतू तेवढा होता.

'स्टॉप्ड स्मोकिंग' हे योग्य रूप वापरूनही एक शंका उरते. माणसाने सवय सोडली की हातातली एक सिगारेट विझवली? 'ही स्टॉप्ड स्मोकिंग व्हेन द बस केम' या वाक्यात बस आल्यावर त्याने सिगारेट टाकली एवढेच घडले, संध्याकाळी तो पुन्हा ओढणार आहे. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग व्हेन हिज डॉटर वॉज बॉर्न' यात मात्र सवयच सुटली. व्याकरण दोन्हीकडे तेच. फरक ठरतो तो सोबतच्या काळवाचक शब्दांनी: बस येणे ही मिनिटाभराची घटना आहे, मुलीचा जन्म हा आयुष्यातला टप्पा आहे. संदर्भ पुरेसा नसेल तर 'फॉर गुड' म्हणजे कायमची, 'ऑल्टुगेदर' म्हणजे पूर्णपणे, असे शब्द जोडता येतात. सवयीकडे बोट दाखवणारे आणखी एक रूप म्हणजे 'यूज्ड टू'. 'ही यूज्ड टू स्मोक, बट ही स्टॉप्ड' या वाक्यात पहिला भाग जुनी सवय सांगतो आणि दुसऱ्या भागात 'स्टॉप'पुढे काहीच लिहावे लागत नाही. इथला 'टू' 'यूज्ड'चा आहे, म्हणून तो हेतूचा नाही.

वाक्याचा विषय सवय सोडण्याचा आहे म्हणजे 'टू' चूकच, असा यांत्रिक निष्कर्षही धोक्याचा आहे. 'सिन्स ही गेव्ह अप सिगारेट्स, ही नो लाँगर स्टॉप्स टू स्मोक ॲट द टी स्टॉल' हे वाक्य पाहावे. सिगारेट सोडल्यापासून तो चहाच्या टपरीवर ओढायला थांबत नाही. विषय सवय सोडण्याचाच आहे, तरी 'स्टॉप्स टू स्मोक' अगदी बरोबर आहे, कारण इथे टपरीवरचे थांबणे सांगायचे आहे. उलट 'ही नेव्हर स्टॉप्स स्मोकिंग' यात बरोबर मानले जाणारे रूप आहे, पण अर्थ एकामागून एक सिगारेट ओढत राहणारा माणूस असा होतो. विषयावर नव्हे, तर त्या विशिष्ट 'स्टॉप'ने काय थांबले यावर नजर ठेवायची.

या दोन रूपांच्या आसपास काही अर्धवट रूपेही फिरतात. 'स्टॉप्ड टू स्मोकिंग' हे कुठल्याच अर्थाने शुद्ध नाही. त्यात दोन्ही जागांचे तुकडे एकमेकांना चिकटवलेले आहेत. 'स्टॉप्ड फ्रॉम स्मोकिंग' हे 'ओढण्यापासून थांबला' या मराठी विचारातून येते. इंग्रजीत 'फ्रॉम' येण्यासाठी कोणाला थांबवले ते मध्ये सांगावे लागते: 'द डॉक्टर स्टॉप्ड हिम फ्रॉम स्मोकिंग', म्हणजे डॉक्टरांनी त्याला ओढू दिले नाही. ब्रिटिश इंग्रजीत अशा वाक्यातला 'फ्रॉम' पुष्कळदा गाळलाही जातो. स्वतःला आवरण्याबद्दल बोलायचे असेल तर 'हिमसेल्फ' लागतो: 'ही कुडन्ट स्टॉप हिमसेल्फ फ्रॉम स्मोकिंग'.

अर्थाने 'स्टॉप'च्या शेजारी बसणाऱ्या क्रियापदांपैकी 'क्विट', 'गिव्ह अप' आणि 'फिनिश' यांच्यापुढे क्रिया कर्म म्हणून सांगायची झाली तर 'आयएनजी' रूपच लागते. एक अपवाद मात्र चकवणारा आहे. 'सीझ' हे औपचारिक क्रियापद 'बंद होणे' याच अर्थाचे आहे आणि त्याच्यापुढे 'टू' राजरोस चालतो. 'द फॅक्टरी सीझ्ड टू ऑपरेट' म्हणजे कारखाना चालायचा बंद झाला, चालण्यासाठी थांबला नव्हे. म्हणून 'बंद होणे या अर्थाच्या क्रियापदापुढे टू नको' असा सरसकट नियम करता येत नाही. प्रत्येक क्रियापदाची वागणूक वेगळी असते आणि ती त्याच्या नोंदीतच पाहावी लागते.

अशा नोंदी पाहण्याची सोय ज्या कोशांनी केली त्यांत ए. एस. हॉर्नबी यांचा कोश महत्त्वाचा. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परक्या विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ कळून भागत नाही, त्या शब्दापुढे कोणते रूप येते हेही सांगावे लागते, हे त्यांनी ओळखले. त्यांचा कोश 1942 मध्ये जपानमध्ये निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. आज 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' म्हणून ओळखला जातो तो हाच. त्यात इंग्रजी क्रियापदांचे साचे क्रमांक देऊन वर्गीकृत केले होते. शिकणाऱ्यांसाठी असलेल्या आजच्या कुठल्याही चांगल्या कोशात 'स्टॉप' उघडले तर 'स्टॉप डुइंग समथिंग' हा साचा वेगळा आणि 'स्टॉप टू डू समथिंग' हा वेगळा दाखवलेला सापडतो. तपासताना कोशातला अर्थ नव्हे, तर हा साचा वाचावा. शब्दसमूह इंटरनेटवर शोधून 'इतक्या ठिकाणी सापडला म्हणजे बरोबर' असे ठरवण्यात मात्र काही अर्थ नाही. 'स्टॉप टू स्मोक' अनेक ठिकाणी सापडणारच, कारण माणसे खरोखरच सिगारेट ओढायला थांबतात.

सरकारी संदेश लिहिणाऱ्यांनी हा पेच बहुतेक वेळा टाळलेलाच दिसतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी असलेल्या केंद्रांना 'स्टॉप स्मोकिंग सर्व्हिसेस' म्हणतात. भारतात सिगारेटच्या पाकिटांवर छापल्या जाणाऱ्या इंग्रजी सूचनेत 'क्विट टुडे' आणि पुढे मदतीचा 1800-11-2356 हा क्रमांक असतो. तिथे 'क्विट'नंतर काहीच लिहिलेले नाही, त्यामुळे चुकायला जागाच नाही. परीक्षेत, अर्जात किंवा डॉक्टरांना द्यायच्या माहितीत ऐन वेळी मनात शंका आली, तर 'स्टॉप' सोडून 'क्विट स्मोकिंग' किंवा 'गेव्ह अप स्मोकिंग' लिहावे. दोन्ही सवयीचाच अर्थ देतात. आणि 'स्टॉप'च वापरायचा असेल, तर लिहिण्याआधी एवढेच विचारावे: त्या क्षणानंतर सिगारेट पेटली, की विझली?